मुदतवाढ मागणारा मेल: कारणांची रास न घालता खरं कसं सांगावं

चवथीची सुट्टी संपून कॉलेज पुन्हा सुरू झालं की आठवडाभरात मुदतवाढीचे मेल यायला लागतात. मी एम.ए.च्या वर्गाला मराठी शिकवते, त्यामुळे असे मेल दर सत्रात वाचते. बहुतेक मुलं खोटं लिहीत नाहीत. तरीही मेल वाचून संपतो तेव्हा काम कुठवर आलंय, किती दिवस हवेत आणि अडचण नेमकी कसली होती, यातलं काहीच मला कळलेलं नसतं. कारणं मात्र सातआठ कळलेली असतात.

म्हणून इथे एकच मेल घेते आणि तो सुरुवातीपासून पुन्हा लिहून दाखवते. हा मेल कुणा एका विद्यार्थिनीचा नाही. वाचलेल्या अनेक मेलांवरून मी तो बांधला आहे.

मुलगी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावची. लोकसाहित्याच्या पेपरसाठी तिने फुगडीच्या गीतांचा प्रकल्प घेतला आहे: चवथीत गावातल्या बायका गणपतीसमोर फुगड्या घालतात तेव्हाची गाणी फोनवर रेकॉर्ड करायची, ऐकून कागदावर उतरवायची आणि त्यांवर पंधरावीस पानं लिहायची. मुदत शुक्रवार, १९ सप्टेंबरची. मंगळवारी १६ तारखेला रात्री ती हा मेल लिहिते:

> विषय: विनंती
>
> आदरणीय मॅडम,
>
> सर्वप्रथम तुम्हाला त्रास देत असल्याबद्दल मनापासून क्षमस्व. मॅडम, यंदा आमच्या घरी गणपतीला खूप पाहुणे होते त्यामुळे मला अजिबात वेळ मिळाला नाही. त्यातच आजीची तब्येत बिघडली. आमच्या वाड्यावर पावसामुळे दोन दिवस लाईट नव्हती आणि नेट तर येतच नाही. माझा लॅपटॉपही सारखा हँग होतो. शिवाय इतर पेपरांचीही सबमिशन्स याच आठवड्यात आहेत आणि बसच्या वेळांमुळे घरी पोचायला संध्याकाळ होते. मी खूप मनापासून मेहनत घेत आहे मॅडम, पण परिस्थितीपुढे माझा नाइलाज झाला आहे. कृपया समजून घ्या आणि जमल्यास प्रकल्पासाठी थोडे दिवस वाढवून द्या. तुमचे उपकार कधीच विसरणार नाही.
>
> आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी

यातला प्रत्येक तपशील खरा असू शकतो. सत्तरीत पावसाळ्यात लाईट जाते, बसला वेळ लागतो, चवथीला घर भरलेलं असतं. पण ही सगळी कारणं वर्गातल्या निम्म्या मुलांना लागू पडतात. त्यांच्यातल्या कुणी प्रकल्प वेळेवर दिला असेल, तर हिला मुदतवाढ देताना मला त्या मुलांचाही विचार करावा लागतो. दुसरं असं की सात कारणं एकत्र आली की त्यातलं कुठलं खरंच आड आलं ते समजत नाही, आणि खरी अडचण असलीच तर ती या गर्दीत हरवते. आजीचं दुखणं कदाचित गंभीर असेल, पण लॅपटॉप आणि बसच्या मध्ये ते एका ओळीत येऊन जातं.

आधी खरं कारण शोधा

मेल उघडण्याआधी एका कागदावर मनात येतील ती सगळी कारणं लिहून काढा. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे झालं नसतं, तर काम वेळेवर झालं असतं का?

या मुलीच्या बाबतीत विचारून पाहू. लाईट दोन दिवस गेली नसती तर? रेकॉर्डिंग फोनवर होतं आणि तोवर तिने एकही गाणं उतरवायला घेतलं नव्हतं, म्हणजे त्या दोन दिवसांनी काही अडलं नाही. पाहुणे आले नसते तर? चवथीत ती फक्त रेकॉर्डिंग करणार होती आणि ते तिने पूर्ण केलं, बारा गाणी, सगळी मिळून पाऊण तासाची. लॅपटॉप? उतरवण्याचं काम ती वहीतच करते. आजीला दोन दिवस ताप होता आणि त्या दोन दिवसांत घरचं काम हिच्यावर आलं. दोन दिवस गेले खरे, पण तेवढ्याने बारापैकी आठ गाणी अडून राहिली नसती. बस रोजचीच आहे. इतर सबमिशन्सच्या तारखा सत्राच्या सुरुवातीपासून तिला ठाऊक होत्या.

आता कागदावर न लिहिलेलं एक कारण उरतं. पाऊण तासाची गाणी उतरवायला फार तर एक दिवस लागेल असं तिने धरलं होतं, आणि म्हणून ती १३ तारखेला, शनिवारी, पहिल्यांदा बसली. तेव्हा कळलं की एकेका गाण्याला अडीच तास लागतात. सहासात बायका एकदम गातात, टाळ्यांत आणि पायांच्या ठेक्यात शब्द बुडतात, ध्रुवपद प्रत्येक वेळी थोडं वेगळं येतं, मधेच एक ओळ कोकणीत जाते, आणि वयस्कर बाईच्या तोंडचा एखादा जुना शब्द दहा वेळा ऐकूनही लागत नाही. मंगळवारपर्यंत तिची चार गाणी झाली आहेत.

हेच खरं कारण आहे. ते सांगायला मुलं लाजतात, कारण त्यात आपली चूक दिसते. पण शिकवणाऱ्याला हे कारण ओळखीचं असतं आणि पटतंही. ध्वनिमुद्रणावरून लोकगीत उतरवलेल्या कुणालाही ठाऊक असतं की पहिल्या वेळी हा अंदाज चुकतोच. शिवाय या कारणात काम झाल्याचा पुरावा आपोआप येतो. ज्याने गाणी ऐकलीच नाहीत त्याला ध्रुवपद बदलतं हे सांगताच येणार नाही.

खरं कारण याहून साधंही असू शकतं: कामाला उशिरा सुरुवात केली, बस. तेही एका वाक्यात लिहिता येतं. ‘मी कामाला उशिरा सुरुवात केली’ हे वाक्य वाचून मला कधी राग आलेला नाही. मात्र ते एकदाच लिहा. त्यापुढे ‘मी फार बेजबाबदार वागले, मला स्वतःची लाज वाटते’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्यावर तुमची समजूत घालायची जबाबदारी येते, आणि मुदतवाढीचा निर्णय मागे पडतो.

किती दिवस हवेत ते मोजून काढा

‘थोडे दिवस’ हे उत्तर देता येण्याजोगं मागणं नाही. मी ‘ठीक आहे’ म्हटलं तर तिच्या मनात पुढचा सोमवार आणि माझ्या मनात शनिवार असू शकतो. तारीख मागायची, आणि ती उरलेल्या कामावरून काढायची.

या मुलीची आठ गाणी उरली आहेत. गाण्याला अडीच तास म्हणजे वीस तास. बुधवार ते शुक्रवार वर्ग आहेत, तेव्हा रात्री रोज तीन तास मिळतील, म्हणजे नऊ. शनिवार-रविवार सहा-सहा तास, म्हणजे बारा. एकूण एकवीस. रविवार, २१ तारखेपर्यंत गाणी उतरून होतात. त्याच रविवारी गावातच असल्यामुळे न लागलेले शब्द गाणाऱ्या बायकांना विचारून घेता येतात, आणि फुगडीच्या प्रकल्पात हे करायलाच हवं. मग सोमवार-मंगळवार विवेचन लिहायला, आणि बुधवारी, २४ तारखेला, प्रकल्प हातात. म्हणजे तिने पाच दिवस मागायचे.

तीन दिवस मागितले तर मॅडम लवकर हो म्हणतील, असं बरीच मुलं मनाशी धरतात आणि मग तिसऱ्या दिवशी पुन्हा मेल करतात. दुसऱ्यांदा मागणं पहिल्यापेक्षा खूप अवघड जातं, कारण तोवर तुमच्या अंदाजावरचा विश्वास गेलेला असतो. एकदाच मागा आणि पुरेल तेवढं मागा.

आकडा काढलात की तो देणं समोरच्याच्या हातात आहे का ते पाहा. गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत सत्रातलं मूल्यमापन, म्हणजे आपण ज्याला आयएसए म्हणतो, ते पेपर शिकवणारी व्यक्ती करते. त्यामुळे प्रकल्पाला चारपाच दिवस इकडेतिकडे करणं सहसा तिला जमतं. पण सत्रान्त परीक्षेच्या, एसईएच्या, सुमारास आयएसएचे गुण ऑफिसात द्यावे लागतात. ती तारीख जवळ आली असेल, तर मॅडमची इच्छा असूनही त्यांना काही करता येत नाही. म्हणून पेपरच्या सुरुवातीला दिलेला कागद एकदा काढून वाचा. उशिरा दिल्यास किती गुण कापले जातात हे पुष्कळदा त्यावरच लिहिलेलं असतं. लघुप्रबंधाची मुदत सहसा विभागाने ठरवलेली असते. तिच्यासाठी मार्गदर्शकांना मेल करून भागत नाही, त्यांच्यामार्फत विभागप्रमुखांकडे अर्ज करावा लागू शकतो.

आता मेल

> विषय: फुगडी गीते प्रकल्प: १९ ऐवजी २४ सप्टेंबरला देण्याची परवानगी हवी (एम.ए. मराठी, लोकसाहित्य)
>
> मॅडम, नमस्कार.
>
> लोकसाहित्याचा प्रकल्प शुक्रवारी, १९ सप्टेंबरला द्यायचा आहे. मला तो बुधवारी, २४ सप्टेंबरला दुपारी बारापर्यंत देण्याची परवानगी हवी आहे.
>
> चवथीत मी गावात बारा फुगडी गीतं रेकॉर्ड केली. ती ऐकून उतरवायला किती वेळ लागेल याचा माझा अंदाज चुकला आणि मी ते काम १३ तारखेला, उशिरा हाती घेतलं. एकेका गाण्याला अडीच तास लागत आहेत.
>
> चार गाणी उतरवून झाली आहेत. प्रस्तावना आणि गावाची माहितीही लिहून झाली आहे. हे सगळं सोबत जोडलं आहे. उरलेली आठ गाणी रविवारपर्यंत होतील. न समजलेले शब्द त्याच दिवशी गाणाऱ्या बायकांकडून तपासून घेईन, आणि पुढच्या दोन दिवसांत विवेचन लिहीन.
>
> मुदत वाढवणं शक्य नसेल, तर शुक्रवारी सहा गाण्यांवरचा प्रकल्प देईन. उद्या तुमच्या तासानंतर भेटू शकते.
>
> (नाव, रोल नंबर)

पहिल्या मेलपेक्षा हा लहान नाही, उलट थोडा मोठाच आहे. फरक शब्द कशावर खर्च झाले यात आहे.

विषयाच्या ओळीतच प्रकल्प, जुनी तारीख आणि नवी तारीख आली. मॅडम फोनवर मेलांची यादी चाळत असतील, तरी काय मागितलंय ते मेल न उघडता कळतं. ‘विनंती’ एवढाच विषय असलेला मेल चार दिवसांनी शोधायला गेलं की सापडत नाही.

मागणं पहिल्याच परिच्छेदात आहे. मुलांना हे उद्धट वाटतं. आधी कारण सांगावं, मग हळूच मागावं, अशी आपली सवय असते. पण कारण आधी आलं की वाचणारी व्यक्ती प्रत्येक वाक्याला ‘हे कशासाठी सांगतेय’ असा विचार करत पुढे जाते. मागणं आधी कळलं तर तेच कारण शांतपणे वाचलं जातं. नम्रपणा ‘परवानगी हवी आहे’ या शब्दांत पुरेसा आहे. उपकार आणि आज्ञाधारकपणा यांची गरज नाही. ते वाचताना मलाच अवघडल्यासारखं होतं, कारण नकार द्यायचा झाला तर मी निर्दय ठरते.

कारण दोन वाक्यांत आटोपलं आणि त्यात ‘माझा अंदाज चुकला’, ‘मी उशिरा हाती घेतलं’ अशी कर्त्यासकट क्रियापदं आहेत. पहिला मेल पुन्हा पाहा: वेळ मिळाला नाही, तब्येत बिघडली, लाईट नव्हती, नाइलाज झाला. मेहनत घेते आहे एवढं एकच वाक्य सोडलं, तर तिथे मुलीने स्वतः काही केल्याचं दिसत नाही, सगळं तिच्यावर येऊन आदळतं. आपला मेल तपासायची ही सोपी रीत आहे. कारणाच्या परिच्छेदात ‘मी’ कुठे कुठे येतं ते पाहा. कुठेच नसेल, तर तो परिच्छेद पुन्हा लिहा.

आजीचा ताप मेलमधून गेला. याबद्दल मुलं हमखास विचारतात: खरं होतं ते का काढायचं? मुदत हुकली त्याला तो कारण नव्हता, म्हणून. खरी गोष्ट चुकीच्या जागी वापरली की तीही सबब होते. आणि पुढच्या सत्रात आजी खरंच गोमेकॉ हॉस्पिटलात दाखल झाली, तर तेव्हा ते सांगताना या मेलची आठवण आड येऊ नये.

जोडलेली फाइल मुलीच्या बाजूने सर्वात जास्त बोलते. ‘खूप मेहनत घेत आहे’ या वाक्याचं काम चार उतरवलेली गाणी करतात. अर्धवट काम दाखवायचा संकोच वाटत असेल, तरी जोडा. फक्त फाइलच्या नावात ‘कच्चा मसुदा’ लिहा, म्हणजे हेच अंतिम समजून तपासलं जाणार नाही.

शेवटचा परिच्छेद मुलं सहसा लिहीत नाहीत: मुदत मिळाली नाही तर मी काय देईन. याने मॅडमना नकाराची मोकळीक मिळते, आणि एक तिसरी वाटही दिसते. कदाचित त्या म्हणतील, सहाच गाणी घे पण विवेचन नीट लिही. गुण कापले तरी चालतील, असं मात्र खरंच चालणार असेल तरच लिहा. मोठेपणाने लिहून नंतर दोन गुणांसाठी केबिनमध्ये जाणारी मुलं मी पाहिली आहेत.

कारण घरचं किंवा प्रकृतीचं असेल तेव्हा

घरात मृत्यू झाला असेल, कुणाला हॉस्पिटलात ठेवलं असेल, तुमची स्वतःची प्रकृती ठीक नसेल, तर वरच्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘हो’ असतं आणि कारण शोधत बसावं लागत नाही. तेव्हा एवढंच लिहा: ‘माझ्या आजोबांचं रविवारी निधन झालं. बाराव्यापर्यंत मी गावी आहे. प्रकल्प अमुक तारखेला देईन.’ दुखणं कोणतं, कधी सुरू झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे सांगायला तुम्ही बांधील नाही. मानसिक त्रास असेल तर ‘प्रकृतीच्या कारणाने’ एवढं पुरतं. खरेपणासाठी सगळं उघडं करावं लागत नाही, लिहिलेलं वाक्य खरं असलं की झालं. प्रमाणपत्र मागितलं तर द्या, आधीच स्कॅन करून पाठवू नका. आणि अडचण एका पेपरपुरती नसेल, तर प्रत्येक शिक्षकाला वेगळा मेल करण्याऐवजी आधी विभागप्रमुखांना भेटा. पाच जणांना पाच वेळा दुःख सांगण्यापेक्षा ते सोपं जातं.

केव्हा पाठवायचा

या मुलीने मंगळवारी लिहिलं, मुदत शुक्रवारची. दोन-तीन दिवस आधी हे ठीक आहे. खरं तर शनिवारी पहिल्या गाण्याला अडीच तास लागले तेव्हाच हिशोब कळला होता, आणि रविवारी मेल गेला असता तर आणखी बरं. मुदतीच्या रात्री अकरा वाजता आलेल्या मेलवर निर्णय घ्यायला जागाच उरत नाही, नुसती माफी द्यायची की नाही एवढंच उरतं. मुदत उलटून गेली असेल तर मुदतवाढ मागू नका. ‘मी मुदत चुकवली, काम सोबत आहे’ असं लिहा आणि जे झालंय ते पाठवा.

आपल्याकडचे पदव्युत्तर वर्ग लहान असतात, मॅडम कॉरिडॉरमध्ये रोज दिसतात. तोंडी विचारलंत तर उत्तमच, पण त्याच दिवशी ‘आज बोलल्याप्रमाणे प्रकल्प २४ तारखेला देते’ असा एका ओळीचा मेल टाका. कॉरिडॉरमधलं ‘बरं, बघू’ गुण भरताना दोघींनाही आठवत नाही.

उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर

‘हो’ आलं, तर तारखेसकट एका ओळीत आभार माना. ‘नाही’ असं उत्तर आलं, तर मेलवर वाद घालू नका, ठरवलेल्या सहा गाण्यांच्या कामाला लागा. उत्तरच आलं नाही, तर त्याला होकार समजू नका. दुसऱ्या दिवशी तासानंतर भेटून विचारा, आणि तरीही गाठ पडली नाही तर शुक्रवारी जे तयार आहे ते देऊन टाका.

मुदतवाढ मिळूनही रविवारी दिसलं की दोन गाण्यांचे शब्द काही केल्या लागत नाहीत, तर नवी तारीख मागण्याआधी काम कमी करता येतं का ते पाहा. लोकगीतांच्या संकलनात न कळलेल्या शब्दाच्या जागी टिंबं घालून तळटीप देणं मान्य आहे: ‘ध्वनिमुद्रणात शब्द अस्पष्ट; गायिकांनाही अर्थ सांगता आला नाही.’ अशी टीप असलेला प्रकल्प २४ तारखेला आला, तर तो मी पूर्ण प्रकल्प म्हणूनच तपासते.